चौदावा प्रश्न आधी

सर्पदंशावरची माहितीपत्रके बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होतात. भारतात सापांच्या किती जाती आहेत? उत्तर असते, तीनशेहून अधिक. मग त्यांतल्या विषारी किती, विषारी आणि बिनविषारी साप कसा ओळखावा, साप का चावतो, नाग दूध पितो का, साप डूख धरतो का. अशा पायऱ्या चढत चढत वाचक तिसऱ्या पानावर पोहोचतो, आणि तिथे त्याला तो प्रश्न भेटतो ज्याच्यासाठी हे पत्रक मुळात छापले गेले: साप चावल्यास प्रथमोपचार काय करावेत?

कागदावर हे खपून जाते. ज्याला घाई आहे तो वरचे प्रश्न सोडून बोट खाली सरकवतो, ठळक अक्षरांतला हवा तो प्रश्न शोधतो आणि तेवढेच वाचतो. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी मुळात अशी मधूनच उघडण्यासाठी असते. पण तीच यादी वरपासून खालपर्यंत वाचून तिचा व्हिडिओ केला की गडबड होते. व्हिडिओ एका टोकाकडून सुरू होतो आणि बघणाऱ्याला त्याच वेगाने सोबत नेतो. रात्री दोन वाजता, एका हातात मोबाइल आणि शेजारी घाबरलेला माणूस अशा अवस्थेत कुणी तो लावला, तर त्याला आधी सापांच्या जाती ऐकाव्या लागतात.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हा अंदाज मांडला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि जवळपास निम्मे पावसाळ्याच्या महिन्यांतले. त्यामुळे आरोग्य केंद्रे, शाळा, सर्पमित्रांचे गट आणि ग्रामपंचायती या विषयावर माहितीपत्रके काढतात, आणि अलीकडे त्यांचे व्हिडिओही करतात. पत्रकाचे संहितेत रूपांतर करताना नेमके काय करावे लागते, हे पाहायला सर्पदंशासारखे उदाहरण नाही, कारण इथे प्रश्नांचा क्रम चुकला तर तो नुसता कंटाळवाणा ठरत नाही, महागात पडतो.

उदाहरणासाठी अशाच पत्रकांत नेहमी दिसणारे 23 प्रश्न एकत्र केले असे धरू. जातींची संख्या पहिली, प्रथमोपचार चौदावे, विंचूदंश बाविसावा आणि नुकसानभरपाई तेविसावी. प्रत्येक उत्तर सरासरी 80 शब्दांचे. सावकाश, समजेल असे मराठी बोलले तर मिनिटाला 120 ते 130 शब्द होतात. म्हणजे हे पत्रक जसेच्या तसे वाचले तर सुमारे पंधरा मिनिटे लागतील, आणि प्रथमोपचाराचा प्रश्न येईल आठ मिनिटे उलटून गेल्यावर. जिथे माणसाला गाडीत घालून निघायचे असते, तिथे आठ मिनिटे हा फार मोठा वेळ आहे.

पहिले काम कात्रीचे. प्रत्येक प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर कापून घ्यायचा आणि चिठ्ठीच्या मागे दोनच गोष्टी लिहायच्या: हा प्रश्न कोण विचारतो आणि केव्हा. विषयानुसार गठ्ठे करण्याचा मोह होतो (सापांविषयीचे प्रश्न इकडे, उपचारांविषयीचे तिकडे), पण तो टाळलेला बरा, कारण मूळ पत्रकाचा क्रम त्याच मोहातून आलेला असतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात विषय आधी येतो आणि त्या विषयाची व्याख्या सगळ्यांत आधी. विचारणाऱ्याच्या डोक्यात त्याची अडचण असते.

चिठ्ठ्या उलटल्यावर तीन माणसे दिसू लागतात. एकाच्या घरात आत्ता कुणाला तरी साप चावला आहे. दुसऱ्याने रुग्णाला आत पोहोचवले आहे आणि तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला आहे: लहान मुलाला औषध कमी देतात का, औषधाची रिअ‍ॅक्शन येते म्हणतात ते खरे का, घरी कधी सोडतील, सरकारी मदत मिळते का. तिसऱ्याला काहीच झालेले नाही. त्याला कुतूहल आहे किंवा काळजी. सापांच्या जाती, दूध, डूख, घरात साप येऊ नये म्हणून काय करावे, हे सगळे त्याचे. एका पत्रकातून खरे तर तीन व्हिडिओ निघतात, आणि तिन्ही एकात कोंबले की कुणाचेच धड होत नाही. विंचवाची चिठ्ठी तर तिघांपैकी कुणाचीच नाही. विंचूदंशाचा उपचार वेगळा आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यासाठी प्राझोसिन हे औषध रुजवले. सापाच्या व्हिडिओत त्याला दोन वाक्ये दिली तर ऐकणारा दोन उपचारांची सरमिसळ करील. ती चिठ्ठी बाजूला ठेवायची.

आता फक्त पहिल्या माणसाचा व्हिडिओ घेऊ. त्याच्या वाट्याला साताठ चिठ्ठ्या येतात आणि त्यांतल्या चार जवळजवळ एकच आहेत: आवळपट्टी बांधावी का, जखम कापावी का, विष तोंडाने ओढून काढावे का, मांत्रिकाकडे किंवा झाडपाल्याच्या औषधाला न्यावे का. चौघांचेही उत्तर ‘नाही’ असेच आहे. पत्रकात हे चार ‘नाही’ दहाव्या ते तेराव्या क्रमांकावर येतात आणि ‘हो, हे करा’ त्यांच्यानंतर. बोलण्यात हे उलटे लागते. घाबरलेल्या माणसाच्या हातांना काहीतरी काम हवे असते. त्याला आधी काम द्यायचे, मग मनाई सांगायची. आधी चार गोष्टी नको म्हटले आणि काय करायचे ते सांगायला वेळ लागला, तर तो मधल्या वेळात सुतळी शोधायला गेलेला असतो.

म्हणून चौदावा प्रश्न पहिला होतो. पत्रकातले त्याचे उत्तर सरकारी मराठीत असते, साधारण असे: ‘सर्पदंश झालेल्या व्यक्तीस धीर देण्यात यावा. दंश झालेला अवयव स्थिर ठेवण्यात यावा. रुग्णास नजीकच्या आरोग्य संस्थेत तातडीने संदर्भित करावे.’ यात चूक काहीच नाही. पण ‘स्थिर ठेवण्यात यावा’ म्हणजे हाताने नेमके काय करायचे हे त्यातून कळत नाही, आणि ‘संदर्भित’ हा शब्द आरोग्य खात्याबाहेर कुणी वापरत नाही. संहितेत गावातले शेतकरी काका विचारतात आणि आशाताई सांगतात असे धरले, तर तेच उत्तर असे होते:

काका: ताई, साप चावला. आधी काय करू?

ताई: आधी सापापासून बाजूला व्हा. चावलेल्या माणसाला बसवा, नाहीतर आडवं करा. चालू देऊ नका, पळू तर देऊच नका. एकशे आठला फोन लावा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी, पैंजण काढून ठेवा, सूज आली की ती रुततात. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. काठी नाहीतर फळी लावा आणि फडक्याने सैलसर बांधा. आणि थेट दवाखाना. दिवस उजाडायची वाट बघू नका.

साठेक शब्द, म्हणजे अर्धे मिनिट. ‘एकशे आठ’ हा आकडा संहितेत अक्षरांत लिहायचा, कारण वाचणारा ऐन वेळी ‘वन झिरो एट’ म्हणाला तर ऐकणाऱ्या आजींना तो वेगळाच नंबर वाटू शकतो. आपल्या भागात लोक जसे म्हणतात तसेच लिहावे. आणि हे अर्धे मिनिट स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ पुष्कळांच्या हातून तेवढ्यातच बंद होतो. पुढचे काहीही पाहिले नाही तरी माणूस दवाखान्याच्या दिशेने निघाला पाहिजे, ही पहिल्या उत्तराची कसोटी.

‘धीर द्या’ कुठे गेले, असे एखादे डॉक्टर विचारतील. ते वाक्य महत्त्वाचे आहेच. भीतीने छाती धडधडते आणि माणूस सैरावैरा होतो. धीर देण्यासाठी सांगण्यासारखी खरी गोष्टही आहे: सगळे साप विषारी नसतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. पण हेच वाक्य दवाखान्याच्या आधी आले तर त्याचा अर्थ ‘मग बघू थोडा वेळ’ असा होतो. ते ‘थेट दवाखाना’ हे शब्द होऊन गेल्यावर, गाडीची वाट पाहतानाच्या उत्तरात टाकायचे. क्रम प्रश्नांचा असतो तसा वाक्यांचाही असतो, आणि तो चुकला तर दोन खरी वाक्ये मिळून खोटा सल्ला तयार होतो.

पुढचा प्रश्न ठरवण्यासाठी यादीकडे पाहायचे नाही. ज्याने पत्रक वाचलेले नाही अशा एखाद्याला समोर बसवायचे, पहिले उत्तर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तो काय म्हणतो ते ऐकायचे. ‘पण मग…’ असे म्हणून तो जे विचारील तोच दुसरा प्रश्न. इथे तो हमखास म्हणतो, ‘पण वर आवळून बांधायला नको? विष चढेल ना!’ चारही मनाया एकत्र आणायची जागा तीच. उत्तराचे पहिले वाक्य ‘नाही’, आणि कारण त्याच्यामागून: आवळल्याने विष थांबत नाही, उलट खालचा भाग रक्ताविना मरू लागतो, कापल्याने रक्तस्राव वाढतो, आणि घोणस-फुरश्याच्या विषाने रक्त गोठायचे थांबलेले असेल तर तो आवरतही नाही. मांत्रिकाबद्दल एकच गोष्ट सांगायची, तिथे जाणारा वेळ. टिंगल केली की ज्याला सांगायचे तोच व्हिडिओ बंद करतो.

हे उत्तर वाचून झाल्यावर समोरच्याचा तिसरा प्रश्न येतो, आणि तो पत्रकात कुठेच नसतो: ‘पण शेजाऱ्याने आधीच करकचून बांधलंय, ते सोडू का?’ खेड्यात ही परिस्थिती रोजची. तरीही पत्रकात हा प्रश्न नाही, कारण ते लिहिणाऱ्याने फक्त योग्य वागणाऱ्या वाचकाची कल्पना केलेली असते. भारतातली उपचारपद्धती सांगते की घट्ट बांधलेले एकदम सोडले तर अडकलेले विष एकाएकी अंगात पसरू शकते, म्हणून ते डॉक्टरांसमोर, तयारीनिशी सोडावे. म्हणजे व्हिडिओतल्या ताईचे उत्तर: ‘घरी सोडू नका, त्यात वेळही घालवू नका. तसंच दवाखान्यात न्या आणि गेल्या गेल्या डॉक्टरांना दाखवा.’ आधीचा प्रश्न मोठ्याने वाचला नसता तर ही फट दिसली नसती.

याच ठिकाणी या संहितेतला सगळ्यांत नाजूक घोटाळा दडला आहे. पहिल्या उत्तरात ताई म्हणते, ‘फडक्याने बांधा.’ दुसऱ्यात म्हणते, ‘बांधू नका.’ लिहिणाऱ्याला फरक स्पष्ट असतो. एक आधाराची पट्टी, एक आवळपट्टी. ऐकणाऱ्याला दोन्ही वेळा ‘बांध’ हाच शब्द ऐकू येतो. हा घोटाळा वाचून सापडत नाही, करून पाहिल्यावर सापडतो. चाचणीला आलेल्या माणसाच्या हातात एक काठी आणि ओढणी द्यायची आणि म्हणायचे, आत्ता ऐकलेत तसे माझ्या पायाला करून दाखवा. तो काठीशिवाय नुसतेच गुडघ्याच्या वर गुंडाळू लागला की समजावे, संहिता फसली. मग पहिल्या उत्तरात ‘सैलसर’च्या जोडीला ‘खालून एक बोट सहज जाईल इतकं’ हे वाढवायचे, आणि दुसऱ्यात ‘बांधू नका’ऐवजी प्रत्येक वेळी ‘आवळू नका’. पाच-सात शब्द वाढतात, पण ते वाढवायलाच हवेत.

परदेशी पत्रकांवरून उतरवलेली माहिती असेल तर घोटाळा आणखी खोल असतो. ऑस्ट्रेलियात सर्पदंशावर सगळ्या अवयवाला दाबपट्टी गुंडाळायला शिकवतात. तिथल्या सापांसाठी ते ठरवलेले आहे. भारतातल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीने ते घेतलेले नाही. पत्रकात दोन्हीकडची वाक्ये शेजारी शेजारी आली तरी वाचणाऱ्याला खटकत नाही. संवादात तोच माणूस एकदा ‘गुंडाळा’ आणि एकदा ‘सैल ठेवा’ म्हणाला की लगेच कानाला टोचते. प्रश्नोत्तरांची संहिता करताना मूळ पत्रकातल्या विसंगती अशा वर येतात, आणि त्या मिटवण्याचे काम संहिता लिहिणाऱ्याचे नसून डॉक्टरांचे असते.

दृश्यांची बाजू इथेच विचारात घ्यावी. संहिता दोन रकान्यांत लिहिण्याची पद्धत आहे, डावीकडे काय दिसते आणि उजवीकडे काय ऐकू येते. ‘आवळू नका’ या वाक्यासमोर डाव्या रकान्यात सहज लिहिले जाते: सुतळीने पाय आवळणारे हात, त्यावर लाल फुली. पण बस स्टँडवर, दवाखान्याच्या टीव्हीवर, शेजारी मूल झोपलेले असताना व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले जातात. आवाजाविना त्या दृश्यात उरतात आवळणारे हात; फुली शेवटच्या सेकंदाला येते आणि कधी दिसतही नाही. म्हणून उत्तर ‘नाही’ असले तरी पडद्यावर ‘हो’ची कृती ठेवायची: काठीला सैल बांधलेला पाय, फडक्याखालून जाणारे बोट. ब्लेड, तोंडाने ओढणे, मंत्र, यांची चित्रेच नकोत.

चौथा प्रश्न, न्यायचे कुठे आणि कसे. पत्रकात ‘नजीकची आरोग्य संस्था’ असते. व्हिडिओत नाव हवे. प्रतिविष नेहमी ठेवणारे जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते, हे प्रत्येक तालुक्यात वेगळे, म्हणून संहितेत इथे एक रिकामी जागा ठेवावी आणि ज्या गावात व्हिडिओ दाखवायचा तिथले नाव पडद्यावर भरावे. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मोटारसायकलचा उपाय सांगावाच लागतो: चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये आणि त्याला धरून तिसरा मागे. वाहतुकीच्या नियमाला हे धरून नाही, म्हणून पत्रके याबाबत गप्प असतात. गावातली माणसे मात्र असेच नेतात, आणि रुग्णाला मागच्या सीटवर एकटे बसवण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

यानंतर पत्रकातले सोळावे आणि सतरावे असे दोन प्रश्न एकमेकांच्या पायात येतात. सोळावा: साप मारून सोबत न्यावा का? सतरावा: प्रतिविष म्हणजे काय आणि ते कसे बनते? पहिल्याचे उत्तर ‘नको’ आहे, पण ते का नको हे दुसऱ्यात आहे. चिठ्ठ्या मांडताना असे दिसले की एका चिठ्ठीवरून दुसरीकडे बाण काढायचा: हे समजायला आधी ते हवे. बाण उलट्या दिशेने जात असेल, म्हणजे आधीचे उत्तर नंतरच्यावर टेकलेले असेल, तर एकतर क्रम बदलायचा किंवा नंतरच्यातले फक्त लागणारे वाक्य उचलून आधीच्यात घालायचे. इथे दुसरा मार्ग बरा. प्रतिविषाची सगळी कहाणी रंजक आहे. चेन्नईजवळची इरुला आदिवासींची सहकारी संस्था सापांचे विष काढते, ते घोड्यांना थोडे थोडे टोचतात, घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून औषध करतात, आणि मुंबईचे हाफकिनही ते बनवते. पण गाडीची वाट पाहणाऱ्याला यातले एकच वाक्य पुरे: ‘नाग, मण्यार, घोणस, फुरसे, या चौघांवर एकच औषध चालतं, म्हणून साप ओळखायची गरज नाही.’ सापाच्या मागे लागलेल्या दुसऱ्या माणसालाही तो चावतो, हे त्याला जोडून. लांबून, वेळ न दवडता फोटो निघाला तर ठीक, नाही तर नाही.

या एका वाक्याने पत्रकातला तिसरा प्रश्नही निकालात निघतो. विषारी साप कसा ओळखावा, याची डोक्याचा आकार, खवले, दाताच्या खुणा अशी लांबलचक उत्तरे पत्रकांत असतात, आणि चावलेल्या माणसासाठी ती धोक्याची आहेत. तीच उत्तरे वाचून कुणीतरी ‘दोन दात दिसत नाहीत, म्हणजे बिनविषारी’ असे ठरवून घरी थांबतो. मजकूर चुकीचा नाही, तो या व्हिडिओत नसणे एवढेच योग्य.

समोर बसलेला माणूस आता पुन्हा ‘पण मग’ म्हणतो: ‘पण साप दिसलाच नसेल तर?’ इथे मण्यार येतो. हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही की सुजत नाही. खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणून उठतो, पापण्या जड होतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, पित्त झाले. पत्रकात ही माहिती विषाच्या प्रकारांखाली, ‘मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष’ या मथळ्यात असते, आणि तिथे ती ज्याला हवी त्याला कधीच सापडत नाही, कारण साप चावला हेच त्याला ठाऊक नसते. व्हिडिओत मात्र ती बरोबर जागी बसते. तिच्यामागोमाग सातवा प्रश्न, वाटेत कशावर लक्ष ठेवायचे, आपोआप येतो. उत्तरात विषाचे प्रकार येऊ द्यायचे नाहीत. पापणी पडते का, बोलणे अडखळते का, हिरडीतून किंवा लघवीतून रक्त येते का, सूज किती वर चढली आणि किती वाजता, एवढेच. आठव्या प्रश्नात हेच निरीक्षण डॉक्टरांना सांगायचे, म्हणजे सातवे उत्तर वाया जात नाही.

शेवटचा प्रश्न पत्रकात विसावा आहे: रुग्णालयात किती वेळ थांबावे? काकांच्या तोंडी तो असा येतो: ‘आता बरं वाटतंय, घरी नेऊ का?’ लक्षणे नसली तरी 24 तास देखरेखीखाली ठेवतात. ताईने मात्र ‘एक अख्खा दिवस आणि एक रात्र’ म्हणावे. ऐकताना ते पक्के बसते.

असे नऊ प्रश्न, सुमारे साडेपाचशे शब्द, विराम धरून साडेचार मिनिटे. पत्रकाची मधूनच उघडण्याची सोय इथे थोडी परतही मिळवता येते. यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनात वेळा लिहिल्या की त्याचे भाग पडतात. अट अशी की पहिली वेळ 0:00 असावी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने असाव्यात आणि कोणताही भाग दहा सेकंदांहून छोटा नसावा. भागांची नावे म्हणजे काकांचे प्रश्नच:

```
0:00 साप चावला, आधी काय करू?
0:35 आवळून बांधू का?
1:10 आधीच कुणी बांधलं असेल तर?
1:30 कुठे आणि कसं न्यायचं?
2:05 साप बरोबर न्यायचा का?
2:35 साप दिसलाच नाही तर?
3:10 वाटेत काय बघायचं?
3:40 डॉक्टरांना काय सांगायचं?
4:05 बरं वाटलं, घरी नेऊ का?
```

ही यादी नुसती वरून खाली वाचली तरी एका रात्रीचा प्रवास दिसायला हवा. मध्ये कुठे अडखळल्यासारखे वाटले तर दोन प्रश्नांत काहीतरी गळले आहे किंवा तिसऱ्याच माणसाचा प्रश्न घुसला आहे.

चित्रीकरणाआधी संहिता डॉक्टरांकडे परत जाते. पुष्कळ ठिकाणी ही पायरी गाळतात. पत्रक डॉक्टरांनीच तपासले होते ना, मग पुन्हा कशाला? पण तपासलेले वाक्य आता उरलेलेच नसते. ‘संदर्भित करावे’चे ‘थेट दवाखाना’ झाले, चार उत्तरांचे एक झाले, अटी गळल्या. आखूड करताना सगळ्यांत आधी ‘शक्यतो’, ‘बहुधा’, ‘काही वेळा’ हे शब्द उडतात, आणि त्यांतले काही मुद्दाम ठेवलेले असतात. ‘चौघांवर एकच औषध चालतं’ हेच पाहा. सह्याद्रीच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या एका चापड्याच्या विषावर हे औषध लागू पडत नाही. सामान्य माणसाच्या कृतीत त्याने फरक पडत नाही, त्याने दवाखान्यातच जायचे आहे, म्हणून वाक्य तसेच राहू शकते. पण ‘सगळ्या सापांवर’ असे मात्र ते होऊ देता कामा नये. असे निर्णय शब्दाशब्दाला घ्यावे लागतात, आणि बदललेल्या मजकुराची प्रत मूळ उत्तराशेजारी ठेवली तर डॉक्टरांचे काम अर्ध्या तासात होते.

उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी बाकावरच्या माणसाचा व्हिडिओ वेगळ्या क्रमाने लागतो, कारण तिथे प्रश्नांना डॉक्टरांच्या हालचाली जन्म देतात. डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात, तेव्हा नातेवाइकाला वाटते, उपचार थांबले. रक्त गोठते की नाही ते पाहण्याची ही तपासणी आहे, हे त्याला त्या वीस मिनिटांतच कळले पाहिजे. मग प्रतिविष सुरू होते, तेव्हा रिअ‍ॅक्शनचा प्रश्न. शेजारच्या खाटेवर लहान मूल असेल तर मात्रेचा प्रश्न (मोठ्यांइतकीच देतात, कारण सापाने विष माणसाचे वय पाहून सोडलेले नसते). नुकसानभरपाईची चिठ्ठी पत्रकात अगदी शेवटी होती, पण ती इथे रुग्ण घरी जाण्याच्या आधी यावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश येतो, आणि तिथे लागणारे कागद रुग्णालयातून निघतानाच मागून घेतलेले बरे. रक्कम, मुदत, अर्ज कुठे द्यायचा, हे मात्र आवाजात बोलू नये. सरकारी निर्णयाने ते बदलते, आणि ध्वनिमुद्रित वाक्य बदलायचे तर सगळे पुन्हा जुळवावे लागते. व्हिडिओखालच्या वर्णनात एक ओळ बदलली की काम होते.